उन्हाळी भाताचं बियाणं खरिपाला वापरताना: झोपलेली बी आणि मेलेली बी

उन्हाळी भाताची कापणी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकते आणि मृगाचा पेरा ७ जूनच्या आसपास येतो. मधे जेमतेम महिना. याच भातातून खरिपाचं बियाणं काढायचं असेल, तर दरवर्षी एक घोटाळा होतो. उगवण तपासली की आकडा खाली येतो आणि चांगलं बियाणं नापास समजून गिरणीत जातं. कधी याच्या उलटही होतं. "नवीन भात आहे, उशिरा उगवेल" असं म्हणत खरोखर मेलेलं बियाणं राबात टाकलं जातं. कृषी पदविकेला बीज तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी यंदा आपल्या घरच्या किंवा शेजारच्या बियाण्यावर हा फरक स्वतः तपासून पाहावा, म्हणून हा सल्ला.

भाताची ताजी बी पाणी, ऊब, हवा सगळं मिळूनही काही आठवडे उगवत नाही. हीच सुप्तावस्था. दाण्याभोवतीचं तूस आणि त्याखालची पातळ साल गर्भापर्यंत प्राणवायू पुरेसा जाऊ देत नाहीत, शिवाय ताज्या दाण्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. कोरड्या, उबदार साठवणुकीत हा अटकाव हळूहळू सुटतो. किती दिवस लागतील हे वाणावर अवलंबून असतं. काही वाण आठवड्या-दोन आठवड्यांत जागे होतात, काहींना दोन महिनेही लागतात. हा गुण वाईट मात्र नाही. खरिपात कापणीच्या वेळी परतीचा पाऊस पडून लोंब्या भिजल्या, तर सुप्तावस्था असलेल्या वाणाचे दाणे उभ्या पिकात मोड काढत नाहीत. कोकणात ज्याने लोंबीवर फुटलेले हिरवे कोंब पाहिलेत, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता तपासणी. मळणी, उफणणी झाल्यावर आणि भात नीट वाळल्यावर प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं बियाणं घ्या, एकत्र मिसळा आणि त्यातून न निवडता ४०० दाणे मोजा. 'न निवडता' हा शब्द महत्त्वाचा आहे. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो आणि आकडा तिथेच खोटा होतो. ओल्या जर्मिनेशन पेपरवर १०० दाणे एकमेकांना न चिकटता मांडा, वर एक ओला कागद ठेवा, गुंडाळी करा आणि उभी ठेवा. अशा चार गुंडाळ्या करायच्या. कागद नसेल तर धुतलेलं जाड सुती कापड चालतं. कागद ओला हवा, पण बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाणी साचता कामा नये. प्रयोगशाळेत तापमान २५ अंश, किंवा १६ तास २० आणि ८ तास ३० अंश असं ठेवतात. घरी गुंडाळ्या घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची चौदाव्या दिवशी.

बहुतेक जण उगवलेले दाणे मोजतात आणि उरलेले फेकून देतात. माझ्या मते खरी परीक्षा त्या उरलेल्यांचीच असते. चौदाव्या दिवशी चार ढीग करा. पहिला सामान्य रोपांचा: मुळं धड, कोंब सरळ, त्यातून हिरवं पान बाहेर आलेलं. दुसरा विकृत रोपांचा: मूळच नाही, कोंब पिळवटलेला किंवा फाटलेला, रोप पांढरंफटक. तिसरा ताज्या न उगवलेल्या बियांचा: दाणा पाणी पिऊन फुगलेला, पण स्वच्छ, आणि चिमट्याने दाबला तर टणक. चौथा मृत बियांचा: दाबताच पिचणारा, आतून दुधट पाणी किंवा मऊ लगदा येणारा, बहुधा बुरशीने झाकलेला. बियाणं झोपलंय की मेलंय, हे तिसऱ्या आणि चौथ्या ढिगावरून कळतं.

बियाण्याच्या दोन वेगवेगळ्या ढिगाऱ्यांचं उदाहरण आकड्यांनी मांडतो. दोन्ही उन्हाळी भाताचेच, कापणीनंतर आठवडाभरात तपासणीला लावलेले.

पहिल्यात चार गुंडाळ्यांत सामान्य रोपं ६२, ५८, ६० आणि ६४ आली. सरासरी ६१. विकृत ४, ताज्या न उगवलेल्या २७, मृत ८. दुसऱ्यातही सामान्य रोपांची सरासरी नेमकी ६१, पण विकृत १४, ताज्या न उगवलेल्या फक्त ३ आणि मृत २२. भाताच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते, म्हणजे आजच्या घडीला दोन्ही नापास. पण पहिल्या ढिगाऱ्याचं बियाणं जिवंत आहे, नुसतं झोपलंय. दुसऱ्याचं बियाणं खराब झालंय: ओलं असताना ढीग लावला गेला असेल, मळणीत मार बसला असेल किंवा वाळवण कमी पडली असेल.

हे ताडून पाहायचं तर दोन्ही ढिगाऱ्यांचे वेगळे ४०० दाणे कॉलेजच्या हॉट एअर ओव्हनमध्ये ५० अंशांवर पाच दिवस ठेवा. दाणे पातळ थरात पसरा, आतली वाफ बाहेर जाण्याची सोय ठेवा आणि दाण्यातला ओलावा आधीच १३ टक्क्यांच्या आत आणा. ओल्या दाण्याला हीच उष्णता मारते. मग नेहमीसारखी तपासणी लावा. पहिल्या ढिगाऱ्यात आता ८६, ८४, ८८, ८६ असे आकडे येतात, सरासरी ८६. विकृत ५, ताजी न उगवलेली १, मृत तेवढेच ८. दुसऱ्या ढिगाऱ्याचा आकडा साठीतच रेंगाळतो, कारण तिथे जागं करायला कोणी नाहीच.

चार गुंडाळ्यांमधला फरकही पाहायचा असतो. सरासरी ८६ असेल तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत १४ पर्यंतचं अंतर चालतं. त्याहून जास्त असेल तर मांडणीत कुठेतरी चूक आहे, एखादी गुंडाळी सुकली किंवा चिंब झाली, आणि तपासणी पुन्हा लावावी लागते.

दिवसांचा हिशेब चुकवू नका. १२ मेला साधी तपासणी लावून तिच्या निकालाची वाट पाहिली तर २६ मे उजाडतो. मग ओव्हनचे पाच दिवस आणि पुन्हा चौदा, म्हणजे १४ जून, आणि मृगाचा पेरा हुकतो. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करा. १२ मेला साध्या गुंडाळ्या लावा आणि त्याच दिवशी दुसरे ४०० दाणे ओव्हनमध्ये टाका. ३१ मेला दोन्ही निकाल हातात असतात.

इतकीही सवड नसेल तर टेट्राझोलियम चाचणी आहे. दाणे सोलून रात्रभर, साधारण १८ तास, पाण्यात भिजवायचे, गर्भातून उभे कापायचे आणि एक अर्ध १ टक्का द्रावणात ३० अंशांवर दोन तास अंधारात ठेवायचं. जिवंत पेशी श्वास घेतात, त्यामुळे रंगहीन द्रावणापासून लाल रंग तयार होतो आणि गर्भ लाल दिसतो. मेलेला गर्भ पांढराच राहतो. मात्र ही चाचणी दाणा जिवंत आहे एवढंच सांगते, आज पेरला तर उगवेल असं सांगत नाही. झोपलेला दाणाही लालच होतो.

बियाणं प्रमाणित करायचं असेल तर हीच सुप्तावस्था आणखी दोन ठिकाणी आडवी येते, आणि पुस्तकात हे टप्पे वेगवेगळ्या पानांवर असल्याने ती नजरेतून सुटते.

साखळी अशी आहे: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी, त्यापासून पायाभूत बियाणं, त्याला पांढरी, आणि त्यापासून प्रमाणित बियाणं, त्याला निळी. प्रमाणित बियाण्याचा प्लॉट घ्यायचा तर पायाभूत बियाण्याची पांढरी चिठ्ठी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी लागते, कारण नोंदणीच्या वेळी बियाण्याचा स्रोत त्यावरूनच तपासला जातो. महाराष्ट्रात हे काम अकोल्याला मुख्यालय असलेली राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. नंतर फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत किमान दोन क्षेत्र तपासण्या होतात. इतर वाणांच्या शेतापासून ३ मीटर अंतर लागतं आणि प्रमाणित प्लॉटमध्ये भेसळ ०.२० टक्क्यांहून जास्त चालत नाही. पाच एकरांपर्यंतच्या प्लॉटमध्ये पाच ठिकाणी प्रत्येकी १००० लोंब्या पाहतात. म्हणजे ५००० लोंब्यांत परक्या वाणाच्या दहाच चालतील.

ही परकी रोपं येतात कुठून? बऱ्याचदा आपल्याच शेतातून. खरिपाच्या कापणीत गळलेले दाणे सुप्त असतात, ते नोव्हेंबरात उगवत नाहीत. जमिनीत पडून राहतात आणि उन्हाळी भाताला पाणी सोडलं की उठतात. खरिपात दुसरं वाण होतं तर तीच भेसळ. उपाय कष्टाचा आहे, पण साधा: लावणीच्या आधी शेत एकदा भिजवा, जे उगवेल ते उगवू द्या, नांगरून गाडा आणि मग चिखलणी करा. त्यातूनही चुकलेली रोपं फुलोऱ्याच्या आधीपासूनच उपटत राहा. उंची, पानाची ठेवण, लोंबी निसवण्याची वेळ यावरून ती ओळखू येतात.

दुसरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. कापणी, प्रक्रिया झाल्यावर यंत्रणेचा माणूस नमुना घेतो आणि तो बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातो. शुद्धता ९८ टक्के, ओलावा साध्या पिशवीसाठी १३ टक्क्यांपर्यंत आणि उगवण ८० टक्के हवी. कडधान्यांत कठीण कवचाच्या न उगवलेल्या बिया उगवणीत धरल्या जातात. भाताच्या ताज्या न उगवलेल्या बिया तशा धरत नाहीत, म्हणून वरचा पहिला ढिगारा जागा न करता तपासला तर ६१ टक्क्यांवर नापास होतो. नमुन्यासोबत कापणीची तारीख स्पष्ट लिहून द्या आणि सुप्तावस्था मोडून तपासणी करण्याची विनंती करा. पास झालेल्या बियाण्याची मुदत तपासणीच्या तारखेपासून ९ महिने असते.

प्रत्यक्ष राबासाठी काय करायचं? झोपलेलं बियाणं असेल तर ते ताडपत्रीवर पातळ थरात दोन-तीन दिवस सकाळचं ऊन देऊन नीट वाळवा आणि कोरड्या, उबदार खोलीत ठेवा. दर आठवड्याला १०० दाणे तपासत राहा. अशा बियाण्याचं प्रमाण वाढवून पेरू नका. रोपं मागंपुढं उगवतात, एकाच वाफ्यात दोन वयांची रोपं तयार होतात आणि लावणीला नेमकी कोणती उपटायची हे कळत नाही. मेलेलं बियाणं असेल तर ते बियाणं म्हणून सोडून द्या. औषध चोळलेलं नसेल तर खायला वापरता येतं, चोळलेलं असेल तर माणसाला नाही आणि गुरांनाही नाही.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मिठाचं द्रावण करून तरंगणारे दाणे काढणं सगळ्यांनीच करावं. मात्र त्याने पोचट आणि हलके दाणे जातात. भरलेला पण मेलेला दाणा तळाशीच बसतो, म्हणून मीठपाण्याला उगवण तपासणीचा पर्याय समजू नका. बुडालेले दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. रहू पद्धतीने पेरणार असाल तर पुढे २४ तास भिजवून, पाणी निथळून, गोणपाटाखाली दीड-दोन दिवस दडपून ठेवा. गोणपाट उघडल्यावर बहुतेक दाण्यांना पांढरे मोड दिसले तर पेरा. पाव हिस्सा दाणे तसेच टणक, स्वच्छ राहिलेले दिसले, तर त्या बियाण्याची झोप अजून पुरती मोडलेली नाही. उरलेली पोती भिजवायला आठवडाभर थांबा.