बी.एस्सी. झालीस, अभिनंदन! आता जात वैधतेचं काम हातात घे

बाळा, निकाल कळला आणि तुझ्या वडिलांचा, काकांचा फोन आला. काका दोन वाक्यांच्या पुढे बोलू शकले नाहीत. आपल्या भावकीत तुझ्या आधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. मी पॉलिटेक्निकला गेलो आणि पहिल्याच वर्षी परत आलो, ते तुला माहीत आहे. तू मात्र शेवटपर्यंत गेलीस. मनापासून अभिनंदन, आणि पेढे माझ्याकडून.

बी.एड.ची सीईटी तू दिली आहेस. म्हणून पेढ्यांसोबत एक काम सांगतो आणि ते याच आठवड्यात सुरू कर. जात वैधता प्रमाणपत्र काढायला घे. तुझ्यासारखी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करून घरातली पहिली पदवीधर झालेली बरीच मुलं इथेच अडकतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तू म्हणशील, जातीचा दाखला तर आहे. आहे, पण प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा तो दाखला म्हणजे अर्धं काम. साध्या पदवीला शिष्यवृत्तीसाठी तेवढा चालला, त्यामुळे तीन वर्षांत कॉलेजात तुला वैधतेबद्दल कुणी विचारलं नाही. इंजिनीअरिंग, फार्मसीवाल्या मुलांना बारावीतच हे काम करावं लागतं. बी.एड., एलएल.बी., एमबीए अशा व्यावसायिक प्रवेशांना मात्र राखीव जागा हवी असेल, तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीची वैधता लागते. पुढे सरकारी नोकरीत राखीव जागेवर निवड झाली तरी हाच कागद मागतात. एखाद्या वर्षी प्रवेशाच्या वेळी अर्ज केल्याची पावती चालते, मुदतही वाढवून मिळते. त्या भरवशावर बसू नकोस. मुदतीत वैधता आली नाही तर राखीव जागा जाते. मग खुल्या गटात बसलीस तर बसलीस, आणि फी खुल्या गटाची.

माझं नेमकं हेच झालं.

अर्ज वेळेत गेला होता. समितीने त्रुटी काढली, म्हणजे अमुक कागद कमी आहे, तो आणून द्या. तालुक्याच्या ज्या दुकानातून अर्ज भरला, त्या माणसाने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला होता. आपल्या घरात तेव्हा एकच साधा फोन होता, त्यामुळे त्याला ते सोयीचं वाटलं असावं. त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर गेला आणि तिथेच राहिला. आम्ही घरी समजत होतो की समिती विचार करतेय. समिती समजत होती की अर्जदाराला गरज नाही. कॉलेजची मुदत संपली, माझी जागा खुल्या गटात टाकली आणि फरकाची फी भरायला सांगितली. तेवढे पैसे माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे नव्हते. आजही कुणाच्या ॲडमिशनची गोष्ट निघाली की पोटात खड्डा पडतो.

म्हणून पहिली गोष्ट: अर्जात नंबर तुझा, ईमेल तुझा, पासवर्ड तुझ्या वहीत. बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढून मूळ कागदांसह समितीच्या कार्यालयात द्यायची आणि पावती घ्यायची. मग दर चार-पाच दिवसांनी स्वतः लॉगिन करून अर्जाची स्थिती बघायची. दुकानदार बघेल, एजंट बघेल, असं म्हणायचं नाही. शिक्षणाच्या कारणासाठी अर्ज करताना कॉलेजचं पत्र किंवा प्रवेश प्रक्रियेत असल्याचा पुरावा लागतो. तुझ्याकडे सीईटीचे कागद आहेत ते लाव, आणि कॉलेजचं ऑफिस अजून तुला ओळखतंय तोवर तिथूनही पत्र घेऊन ये.

आता त्रुटी कशाची होती ते सांगतो, कारण तो कागद तुझ्याही अर्जात लागणार आहे.

आपण माळी, म्हणजे ओबीसी. ओबीसीसाठी मानीव दिनांक आहे 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि जात हीच होती, असं दाखवणारा जुना कागद समिती मागते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी हीच तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला या तारखेनंतरचा असला की आजोबांकडे जावं लागतं. शिकलेल्या घरात ते सोपं असतं. आपल्यासारख्या घरात आजोबा शाळेत गेले होते की नाही, इथपासून सुरुवात होते.

आपले आजोबा गेले होते. लोकल बोर्डाच्या शाळेत पहिलीत नाव घातलं आणि वर्षाच्या आत काढलं. पण जनरल रजिस्टरमध्ये ओळ राहिली. बांधणी सुटलेलं ते रजिस्टर मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून काढलं. जातीच्या रकान्यात 'हिंदू माळी' स्वच्छ लिहिलेलं होतं. नावाच्या रकान्यात होतं 'धोंडू सखाराम'. आडनाव नाही. बाकी सगळीकडे, सातबाऱ्यावर आणि अण्णांच्या दाखल्यावर, आजोबा 'धोंडिबा' आहेत. समितीने विचारलं, हा धोंडू तुमचाच आजोबा कशावरून?

इथे लोक प्रतिज्ञापत्र करून देतात की दोन्ही नावं एकाच माणसाची. ते द्यावंच लागतं, पण एवढ्यावर भागत नाही. आज आपण लिहून दिलेल्या कागदाने साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ओळख पटत नाही. त्याला जुन्याच कागदाचा आधार लागतो. आपल्याला तो फेरफारात सापडला. पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले तेव्हाच्या फेरफार नोंदीत 'धोंडू ऊर्फ धोंडिबा सखाराम' असं आडनावासकट लिहिलेलं आहे. पुढे आजोबा गेल्यावरच्या वारस नोंदीत अण्णांचं आणि तुझ्या वडिलांचं नाव आहे. या दोन उताऱ्यांनी साखळी जुळली: सखाराम, धोंडिबा, मग आपले दोघांचे वडील. वैधता आली, पण माझी जागा जाऊन बराच काळ झाला होता.

शाळेची नोंदच मिळत नाही अशा घरांनी घाबरून जाऊ नये. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक असतं, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यात 'अमक्यास मुलगा झाला' अशी ओळ आणि जातीचा रकाना असतो. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आजोबांचे सख्खे-चुलत भाऊ, त्यांच्या बहिणी, यांपैकी कुणाचीही नोंद चालते, फक्त वंशावळीत त्यांची जागा दाखवता आली पाहिजे. आणि हे सगळं वडिलांच्या बाजूचंच. मामाकडचा कितीही भक्कम कागद इथे उपयोगाचा नाही.

तुझं काम मात्र यापेक्षा खूप हलकं आहे. तू माझी चुलत बहीण आहेस, मामेबहीण नाहीस. माझ्या वेळी दक्षता पथक गावात येऊन चौकशी करून गेलं, शाळेचं रजिस्टर तपासलं, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला अशी रीतसर चौकशी होऊन वैधता मिळालेली असेल, तर त्याच आधारावर दुसऱ्याला ती द्यावी, पुन्हा पहिल्यापासून चौकशी नको, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलेलं आहे. आधीची वैधता फसवणुकीने किंवा चौकशीशिवाय मिळालेली असेल तरच समिती खोलात जाते. आपल्याबाबतीत तो प्रश्न नाही.

पण माझ्या वैधतेची झेरॉक्स जोडली की झालं, असंही समजू नकोस. वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 मध्ये द्यावं लागतं. तुझ्या वंशावळीतलं प्रत्येक नाव माझ्या अर्जातल्या वंशावळीशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. मी 'धोंडू ऊर्फ धोंडिबा' लिहिलंय आणि तू नुसतं 'धोंडिबा' लिहिलंस, तर पुन्हा त्रुटी. मोठ्या आत्याचं नाव मी घातलंय, तू वगळलंस, तरी विचारतील. माझी जुनी फाइल समोर ठेवून उतरवून काढ. शिवाय मीही शपथपत्र देणार आहे की ही माझी सख्ख्या काकांची मुलगी आणि माझं प्रमाणपत्र तिला वापरायला माझी हरकत नाही. समितीत ते मागतात.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. 'आत ओळख आहे, पंधरा दिवसांत काढून देतो' म्हणणारा भेटला तर उलट्या पावली परत ये. हे लोक कधीकधी रजिस्टरच्या उताऱ्यात खाडाखोड करतात किंवा भलत्याच घराण्याची वैधता जोडून देतात. दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं, तिथे शाईतला फरक लगेच दिसतो. खोट्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश, नोकरी, इतकंच काय तर पदवीही रद्द होते, आणि कायद्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्ञान द्यायला येणाऱ्या मोठमोठ्या 'सरां'पेक्षा भावकीत किंवा गावात अलीकडे ज्याने स्वतः वैधता काढली त्या पोराला विचार. समितीत कुठला कागद अडतो हे त्याच्या ताज्या लक्षात असतं.

नॉन-क्रीमी लेयरचं थोडक्यात. तो दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, किती सालपर्यंतचा आहे ते त्यावरच लिहिलेलं असतं. तुझ्या दाखल्यावर या वर्षाचा मार्च असेल तर तो संपला, नवा काढ. उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांची आहे आणि त्यात पगाराचं व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे काकांनी उगाच काळजी करू नये. पुढे केंद्राच्या परीक्षा देशील तेव्हा केंद्राच्या नमुन्यातला वेगळा लागेल.

या रविवारी मी येतो. माझं मूळ प्रमाणपत्र, जुनी फाइल आणि शपथपत्रासाठी माझं आधार कार्ड घेऊन येईन. त्याआधी काकांना तलाठ्याकडे पाठवून दोन्ही फेरफारांचे सही-शिक्क्याचे ताजे उतारे मागवून ठेव. तू शाळेत जाऊन आजोबांच्या नोंदीचा उतारा घे, त्यावर मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक तिन्ही आहेत का ते तिथेच उभं राहून बघ. तुझा स्वतःचा आणि काकांचा शाळेचा दाखला काढून ठेव. धाकट्याचा पण काढ. तो अकरावी सायन्सला आहे ना, त्याचा अर्ज त्याच्या कॉलेजमार्फत तुझ्यासोबतच टाकून देऊ.