कंपाउंड वॉलच्या रेंडरमधल्या या चुका टाळा

प्लॅनमधली कंपाउंडची पट्टी निवडायची, SketchUp च्या Push/Pull ने १५०० मिमी वर ओढायची आणि भिंत झाली म्हणायचं. नवशिक्यांच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. प्लॅन भिंतीची जाडी सांगतो. उंची सेक्शनमध्ये आणि एलिव्हेशनमध्ये असते, आणि ती कुठल्या पातळीपासून मोजायची हे तिथला बाण दाखवतो. लोक आकडा वाचतात, बाण वाचत नाहीत.

हा बाण चुकला की काय होतं, ते एका घरावरून पाहू. रस्त्याची पातळी ०, आवाराची जमीन +४५०, जोतं +९००, खिडकीचं सिल +१८००. ड्रॉइंगमध्ये भिंत रस्त्यापासून १५०० आहे, म्हणजे तिचा माथा +१५०० वर आणि आतून ती फक्त १०५० दिसणार. मॉडेल करणाऱ्याने ती आवाराच्या जमिनीवरून १५०० उचलली. माथा गेला +१९५० वर.

आता कॅमेरा रस्त्यावर, भिंतीपासून ८ मीटरवर, डोळ्याची उंची १६००. घर भिंतीच्या मागे ४ मीटर. बरोबर भिंतीवरून जाणारी नजर घराला साधारण +१४५० वर लागते, त्यामुळे सिलसकट पूर्ण खिडकी दिसते. चुकीच्या भिंतीवरून ती +२१२५ वर लागते, आणि खिडकीचा खालचा ३२५ मिमी भाग गायब होतो. मग 'घर बुटकं का दिसतंय' म्हणून लोक कॅमेरा वर घेतात, लेन्स बदलतात, आकाश बदलतात. भिंतीला हात कुणी लावत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. रस्ता सपाट आणि कॅमेरा १६०० वर असेल, तर क्षितिजरेषेखालच्या सगळ्या गोष्टी १६०० पेक्षा ठेंगण्या असतात. १५०० ची भिंत या रेषेला टेकली किंवा वर गेली, तर पातळी चुकली आहे.

रस्ता उतरता असेल तर आणखी घोळ. १२ मीटर दर्शनी बाजूला ४० ला १ असा उतार म्हणजे ३०० मिमीचा फरक. ड्रॉइंगमध्ये ३ मीटरचे चार तुकडे आणि प्रत्येक सांध्याला ७५ ची पायरी असेल, तर मॉडेलमध्येही तशीच पायरी हवी. एका सरळ माथ्याची भिंत ओढली तर खालच्या टोकाला ती १८०० होते. म्हणून भिंत काढण्याआधी रस्ता, आवार आणि जोतं या तीन पातळ्यांचे चौकोन मॉडेलमध्ये टाकून लॉक करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईवाल्यांना तेवढीही जड जातात.

विटांचं टेक्श्चर हा दुसरा लाडका गोंधळ. १९०×९०×९० ची वीट १० मिमी सांध्यासकट १०० मिमीचा थर देते. १५०० च्या भिंतीत माथ्यावरचं १०० चं कोपिंग वजा केलं की १४ थर उरतात. रेंडरमध्ये नऊच थर मोजता आले, तर मॉडेलमध्ये उंची कितीही अचूक असो, बघणाऱ्याला भिंत मीटरभरच वाटते. टेक्श्चर डोळ्याने ताणू नका. एका प्रतिमेत किती थर आहेत ते मोजा आणि उंचीला तेवढे शंभर मिमी टाका. दगडी क्लॅडिंग असेल तर दगडाचं माप ड्रॉइंगच्या टिपेतून घ्या.

तयार गेट उतरवून ताणणं तर बंदच करा. ३००० चं गेट ३६०० च्या उघड्यात बसवायला आडवं १.२ पट केलं, की ४० चा चौकोनी पाइप समोरून ४८ चा होतो, गोल पाइप लंबगोल होतो आणि उभ्या गजांमधलं अंतर १०० वरून १२० वर जातं. फ्रेमची एक बाजू सरकवा आणि गज वाढवा.

सरकतं गेट असेल तर ते सरकायच्या बाजूला निदान गेटच्या रुंदीइतकी जागा मोकळी ठेवा. तिथे लावलेलं झाड हमखास पकडलं जातं.

९०० ची भिंत आणि वर ६०० ची रेलिंग असं लिहिलं असेल, तर १५०० ची भरीव भिंत चालत नाही. एकूण उंची तीच राहते, पण आरपार दिसणं संपतं.

तारेची जाळी दूरच्या कॅमेऱ्यात चकाकते किंवा नाहीशी होते. रिझोल्यूशन आणि सॅम्पल वाढवा. तार जाड करू नका.

काम देण्याआधी Parallel Projection मध्ये समोरचं दृश्य काढा आणि ते ५० टक्के पारदर्शक करून मूळ एलिव्हेशनवर ठेवा. दोन्ही चित्रं जोत्याच्या रेषेवर आणि घराच्या दोन कोपऱ्यांवर जुळवा, भिंतीवर कधीच नाही. भिंतीवर जुळवली तर चूक भिंतीतून उचलून घरावर टाकल्यासारखं होतं, आणि मग तासभर घरच दुरुस्त करत बसावं लागतं.