जुन्या चॅटमधलं नेमकं सापडत नसेल तर तुकडे बदलून बघा

घरच्या ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून, एकेक मेसेज हा वेगळा तुकडा धरून, एम्बेडिंगवर, म्हणजे अर्थाच्या जवळिकीवर, शोध लावला होता. ‘गीझर दुरुस्तीला किती लागले?’ विचारलं, तर उत्तर येईना. कारण उत्तराचा मेसेज होता, ‘हो, तोच. ८०० घेतले.’ त्यात गीझर हा शब्दच नाही! मग अख्ख्या दिवसाचा एक तुकडा केला, तर वाढदिवस, दूधवाला आणि गीझर यांची खिचडी झाली आणि तो तुकडा कुठल्याच प्रश्नाच्या जवळ येईना.

शेवटी जमलं ते असं:

१. अर्ध्या तासाहून जास्त शांतता दिसली की तिथे तोडा.
२. गप्पा लांबल्या तर दर १०-१२ मेसेजनी तोडा, पण आधीचे दोन-तीन मेसेज पुढच्या तुकड्यात पुन्हा घ्या. प्रश्न एकीकडे, उत्तर दुसरीकडे असं होत नाही.
३. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तारीख आणि बोलणाऱ्यांची नावं लिहा.

उत्तर माहीत असलेले दहा प्रश्न विचारून आकडे कमीजास्त करा.

एक सांभाळा: एम्बेडिंग मॉडेलची टोकन-मर्यादा, म्हणजे ते एका वेळी शब्दांचे किती बारीक भाग वाचतं, ती बघा. `all-MiniLM-L6-v2` २५६ टोकननंतरचा मजकूर गुपचूप कापतं (शिवाय ते मुख्यतः इंग्रजीचं), आणि देवनागरी टोकन भराभर खाते.