ग्रॅव्हिटी उतरली म्हणून बॅटरीत ॲसिड ओतू नका, आणि अशाच काही चुका

पाण्याच्या बॅटऱ्या सांभाळायला लागलेल्या जवळपास प्रत्येक नवख्याला मी हेच करताना पाहिलंय. द्रावाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तो किती जड आहे, ते मोजायला हायड्रोमीटर घालायचा, तरंगणारा काटा खाली बसलेला दिसला की "ॲसिड कमी झालंय" असं म्हणायचं आणि ॲसिडची बाटली उचलायची. दहा मिनिटांत आकडा वर येतो, माणूस खूश होतो आणि बॅटरी कायमची बिघडते. या एका चुकीने मी इतक्या चांगल्या बॅटऱ्या वाया गेलेल्या पाहिल्यात की आधी तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

मुळात ॲसिड कुठे जातं ते बघू. भरलेल्या बॅटरीत निगेटिव्ह प्लेटवर मऊ, सच्छिद्र शिसं असतं आणि पॉझिटिव्ह प्लेटवर चॉकलेटी रंगाचं लेड डायऑक्साइड. बॅटरीतून करंट काढला की दोन्ही प्लेटांवर एकाच वेळी हे घडतं:

```
निगेटिव्ह:  Pb + HSO4⁻ → PbSO4 + H⁺ + 2e⁻
पॉझिटिव्ह:  PbO2 + HSO4⁻ + 3H⁺ + 2e⁻ → PbSO4 + 2H2O
```

दोन्हीकडे उजव्या बाजूला लेड सल्फेटच आहे. प्लेटा दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या, पण डिस्चार्ज होताना दोघी एकाच पदार्थाने मढत जातात. प्लान्तेने ही बॅटरी १८५९ साली बनवली, आणि दोन्ही प्लेटांवर सल्फेटच तयार होतं हे ग्लॅडस्टोन आणि ट्राइब यांनी १८८२ साली मांडलं. ते सल्फेट ॲसिडातूनच येतं. म्हणजे ॲसिड उडून गेलेलं नसतं, संपलेलंही नसतं. ते प्लेटांत जाऊन बसलेलं असतं आणि त्याच्या जागी पॉझिटिव्ह प्लेटपाशी पाणी तयार झालेलं असतं. चार्जिंगला लावलं की हीच गाडी उलटी फिरते. पाणी खर्च होतं, सल्फेट प्लेट सोडून द्रावात परत येतं आणि ॲसिड पुन्हा जड होतं.

म्हणूनच ग्रॅव्हिटीवरून चार्ज कळतो. दर अँपिअर-तासाला एका सेलमध्ये साधारण ३.६६ ग्रॅम ॲसिड खर्च होतं आणि ०.६७ ग्रॅम पाणी तयार होतं. हा हिशेब विजेशी पक्का बांधलेला आहे, त्यात घासाघीस होत नाही. निकेल-कॅडमियम बॅटरीत हायड्रोमीटर घालून चार्ज कळत नाही, कारण तिथला द्राव फक्त वाट करून देतो, त्याची घनता जवळपास तशीच राहते. शिशाच्या बॅटरीत ॲसिड स्वतःच कच्चा माल आहे.

एक सेल धरून हिशेब मांडू. त्यात १.२८ ग्रॅव्हिटीचं एक लिटर द्रावण आहे, म्हणजे वजन १२८० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के ॲसिड, म्हणजे सुमारे ४७४ ग्रॅम, आणि बाकीचे ८०६ ग्रॅम पाणी. यातून ६० अँपिअर-तास काढले. २२० ग्रॅम ॲसिड प्लेटांत गेलं, ४० ग्रॅम पाणी वाढलं. उरलं २५४ ग्रॅम ॲसिड आणि ८४६ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण २३ टक्क्यांचं द्रावण. त्याची ग्रॅव्हिटी १.१६ च्या आसपास येते. हायड्रोमीटरवर जे ११६० दिसतं ते हे. काही बिघडलेलं नाही. बॅटरी रिकामी आहे, एवढंच.

आता किस्सा सांगतो. माझ्या हाताखाली एक पोरगा नव्याने आला होता. कामसू होता, पण घाई फार. सहाही सेल ११६० दाखवत होते, चार्जरची जागा दुसऱ्या बॅटरीने अडवलेली होती. त्याने प्रत्येक सेलमधलं थोडं द्रावण काढून तितकंच जास्त तीव्र ॲसिड भरलं आणि सगळे सेल १२५० वर आणून ठेवले. मला दाखवताना म्हणाला, "काका, झाली बघा भरून." हायड्रोमीटर भरलेल्या बॅटरीच्या जवळचा आकडा दाखवत होता आणि प्लेटा होत्या तशाच रिकाम्या. त्या दिवशी तो ॲसिड घालून बसलाय हे माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी बॅटरी चार्जिंगला लागली, रात्रभर चालली. सकाळी ग्रॅव्हिटी १३५० च्या आसपास होती.

ती कुठून आली ते वरच्याच हिशेबात सापडतं. १२५० वर आणलेल्या सेलमध्ये आता सुमारे ४०० ग्रॅम ॲसिड होतं. प्लेटांत दडलेलं २२० ग्रॅम चार्जिंगमध्ये बाहेर आलं आणि ४० ग्रॅम पाणी खर्च झालं. ६२० ग्रॅम ॲसिड, ७४३ ग्रॅम पाणी. हे ४५ टक्क्यांचं द्रावण झालं. इतक्या तीव्र ॲसिडात पॉझिटिव्ह प्लेटची जाळी लवकर खाल्ली जाते, सेपरेटर कमजोर होतात आणि बॅटरी नुसती उभी असतानाही निगेटिव्ह प्लेट आपोआप उतरायला लागते. त्याहून वाईट म्हणजे त्या बॅटरीचं मोजमापच खोटं झालं. पुढे कधीही तिचा आकडा १२५० आला तर ती भरलेली आहे असं वाटणार, आणि असणार ती जवळपास रिकामी.

दुरुस्तीला दोन दिवस गेले. सेलमागे साधारण पाव लिटर द्रावण काढून तितकंच डिस्टिल्ड पाणी घालायचं होतं, पण प्लेटांच्या वर एवढं द्रावण हाताला लागतच नाही. म्हणून जेवढं निघेल तेवढं काढलं, पाणी घातलं, बुडबुडे येईपर्यंत चार्ज करून मिसळू दिलं आणि मग पुन्हा काढलं. अशा चार फेऱ्या झाल्या. बॅटरी चालली, पण पहिल्यासारखा बॅकअप तिने पुन्हा दिला नाही. तेव्हापासून माझ्याकडे ॲसिडची बाटली कुलपात असते. बॅटरी उलटून ॲसिड खरोखर सांडलं असेल तरच ती बाहेर येते, आणि तेव्हाही आधी बॅटरी पूर्ण चार्ज, मग ॲसिड. बाष्पीभवनाने आणि चार्जिंगच्या गॅसने जातं ते फक्त पाणी. त्यामुळे टॉप-अप फक्त डिस्टिल्ड पाण्याचा. नळाचं नको, त्यातलं क्लोराइड आणि लोह प्लेटांना बाधतं.

दुसरी चूक याच्याच पोटातली: चार्जिंग चालू असताना ग्रॅव्हिटी बघून चार्जरला दोष देणं. १० अँपिअरवर चार तास झाले, म्हणजे ढोबळमानाने ४० अँपिअर-तास आत गेले, आणि काटा जेमतेम हललाय. "चार्जर गेला" म्हणून तो खोलून ठेवलेला मी पाहिलाय. चार्जर धडधाकट होता. झालं असं की चार्जिंगमध्ये प्लेटांच्या छिद्रांतून बाहेर येणारं ॲसिड जड असतं, ते सरळ तळाला जातं. पारदर्शक डबा असेल आणि मागे टॉर्च धरला तर प्लेटांवरून खाली ओघळणाऱ्या बारीक लहरी दिसतात, गरम पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा. हायड्रोमीटरची नळी मात्र वरचं पातळ पाणी ओढते. दर सेलचा व्होल्टेज २.३५ ते २.४ च्या पुढे जाऊन बुडबुडे सुटायला लागले की ते सगळं ढवळलं जातं आणि मग आकडा भराभर चढतो. काहींना तो चमत्कार वाटतो. ॲसिड आधीच बाहेर आलेलं होतं, फक्त खाली बसलेलं होतं.

म्हणून माझी सवय अशी. चार्जिंगच्या मध्यात मी ग्रॅव्हिटी बघतच नाही, व्होल्टेज आणि करंट बघतो. बुडबुडे नीट सुरू झाल्यावर तासातासाने ग्रॅव्हिटी घेतो आणि लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला की थांबतो. पाणी घातल्यावर लगेच मोजलं तरी हाच घोटाळा होतो, कारण नवं पाणी वरच तरंगतं. मी पाणी चार्जिंगनंतर घालतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी घालतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तेव्हा बुचं काढून वाकून बघताना जवळ ठिणगी नको आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

तापमान विसरू नका. गरम ॲसिड हलकं दिसतं, दर १० अंशांना साधारण ०.००७ इतकं. ४५ अंशांच्या ॲसिडात १.२६६ आलं तर २५ अंशांच्या मापाने ते १.२८ आहे.

एकाच सेलवरून निकाल देऊ नका. सहाही मोजा, लिहून ठेवा. पूर्ण चार्ज झाल्यावरही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर दुखणं त्या सेलचं आहे.

नळीत बुडबुडा चिकटला असेल, किंवा काटा काचेला टेकला असेल, तर तो आकडा वाचूच नका. परत ओढा.

ॲसिड मोजायची सोय नाही अशी सीलबंद बॅटरी असेल तर काही तास ती मोकळी ठेवून व्होल्टेज घ्या. सेलचा व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, हा ढोबळ नियम चांगला चालतो. १.२८ ला २.१२, म्हणजे सहा सेलना १२.७२. १.१६ ला बरोबर २ व्होल्ट, म्हणजे १२. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर मात्र हा नियम फसवतो, कारण छिद्रांतलं ॲसिड अजून बाहेरच्या ॲसिडाशी जुळलेलं नसतं.

रिकामी बॅटरी "नंतर करू" म्हणून आठवडेच्या आठवडे ठेवणं, ही चूक मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती टाळायला काहीच करावं लागत नाही, फक्त त्याच दिवशी चार्जिंगला लावायचं. ताजं सल्फेट बारीक दाण्याचं असतं, सहज विरघळतं. बॅटरी तशीच पडली की छोटे दाणे विरघळून मोठ्यांवर बसत जातात आणि कडक स्फटिक होतात. मग चार्जिंगला लावल्यावर व्होल्टेज लगेच चढतो, बुडबुडे लवकर येतात, आणि ग्रॅव्हिटी ११८० किंवा १२०० ला अडून बसते. उरलेलं ॲसिड त्या स्फटिकांत अडकलेलं असतं. नेमकी इथेच माणसं पुन्हा ॲसिडच्या बाटलीकडे वळतात. त्याऐवजी करंट कमी करा, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला दोन-तीन अँपिअर, आणि एक-दोन दिवस चालू द्या. बॅटरी गरम होत नाही ना, बघत राहा. ग्रॅव्हिटी रोज थोडी थोडी वर सरकत असेल तर सल्फेट सुटतंय. दोन दिवसांत अजिबात हलली नाही तर ते आता सुटणार नाही.

आणि १२८० आला म्हणजे बॅटरी चांगलीच, असंही धरू नका. प्लेटांवरचा माल झडून तळाला पडलेला असेल तर उरलेल्या थोड्या मालाला थोडंच ॲसिड लागतं. पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी झकास दिसते, आणि लोड लावला की अर्ध्या वेळात बॅटरी बसते. त्यातली खूण अशी की ती बसल्यावरसुद्धा ग्रॅव्हिटी फारशी उतरलेली नसते, १२२० वगैरे दाखवते. द्रावात ॲसिड शिल्लक आहे, ते घ्यायला प्लेटेत माल नाही. म्हणून जुनी बॅटरी मी ठरलेल्या लोडवर उतरवून, आधीची आणि नंतरची ग्रॅव्हिटी शेजारी शेजारी लिहूनच तपासतो.