हार्ड कार्बनच्या पहिल्याच चक्रात सोडियम कुठे हरवतं? या चुका टाळा

लिथियम-आयन सेल बनवण्यात हात बसलेला माणूस सोडियमकडे वळला की सवयीने ग्रॅफाइटचाच डबा उघडतो. लिथियमसाठी ग्रॅफाइटची क्षमता प्रतिग्रॅम ३७२ एमएएच. सोडियमला मात्र नेहमीच्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये जेमतेम ३०-३५ मिळतात. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सोडियमचा आयन मोठा, थरांमधली फट लहान. हे उत्तर डोक्यातून काढून टाका. पोटॅशियमचा आयन सोडियमहूनही मोठा, तरी तो त्याच ग्रॅफाइटमध्ये शिरून KC₈ बनवतो. सोडियमचं दुखणं वेगळं आहे. ग्रॅफाइटशी त्याचं बंधन इतकं कमकुवत असतं की थरांत शिरण्यापेक्षा धातू म्हणून बाहेर राहणं त्याला ऊर्जेच्या हिशेबात परवडतं. म्हणून करंट कमी करून आणि सेल दिवसभर थांबवून काही हाती लागत नाही. डायग्लाइमसारख्या इथरमध्ये सोडियम द्रावकाचे रेणू सोबत घेऊन आत शिरतं, पण तिथेही गाडी १०० च्या आसपास अडते आणि ग्रॅफाइट प्रचंड फुगतं.

म्हणून हार्ड कार्बन. चुरगळलेल्या कागदांच्या ढिगासारखी रचना, थरांतलं अंतर ०.३३५ ऐवजी ०.३७ ते ०.४० नॅनोमीटर, आणि मधे बंद पोकळ्या. २००० साली स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोज भाजून केलेल्या अशा कार्बनमध्ये सुमारे ३०० एमएएच दाखवले. अडचण पहिल्या चक्राची आहे: आत गेलेलं सगळं सोडियम परत येत नाही.

हाफ सेलवर विसंबणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. समजा, आत गेले ३७५, बाहेर आले ३००. कार्यक्षमता ८० टक्के. हाफ सेलमध्ये समोर सोडियम धातूचा तुकडा असतो, त्यामुळे ही तूट जाणवतही नाही, कारण तिथे सोडियम हवं तेवढं आहे. फुल सेलमध्ये मात्र प्रत्येक आयन कॅथोडमधूनच येतो. कॅथोड प्रतिग्रॅम ११० देत असेल, तर गेलेले ७५ भरून काढायला दर ग्रॅम हार्ड कार्बनमागे सुमारे ०.६८ ग्रॅम जास्तीचा कॅथोड घालावा लागतो. पहिल्या चक्रानंतर तो नुसतं वजन म्हणून सेलमध्ये बसून राहतो. कार्यक्षमता ९० टक्क्यांवर नेली की तोच आकडा ०.३० ग्रॅमवर येतो. म्हणून क्षमतेचा आकडा सांगताना त्याच्या शेजारी कार्यक्षमता लिहायचीच.

भाजल्यानंतर दळणं

नारळाच्या करवंटीचा एक घाणा माझ्याच हातून असा बिघडला. भट्टीतून निघालेला कार्बन खडबडीत होता, म्हणून तो तासन्‌तास बॉल मिलमध्ये फिरवला. पावडर सुरेख झाली, इलेक्ट्रोडचा थर गुळगुळीत बसला, आणि पहिल्या चक्राची कार्यक्षमता कोसळली. दळताना कण फुटतात, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात, हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा त्यांना चिकटतो. उघड्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट फुटून थर जमतो, आणि त्यात सोडियम कायमचं अडकतं. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी दळा, मग भाजा. शेवटची उष्णता नेहमी तयार पावडरीला, आर्गॉनमध्ये, साधारण १२०० ते १४०० अंशांवर. सुपरकॅपॅसिटरच्या सवयीने पोटॅश घालून कार्बन सच्छिद्र करणारेही याच खड्ड्यात पडतात. इथे पोकळ्या हव्यात, पण दार बंद असलेल्या.

नायट्रोजन वापरून मोजलेलं क्षेत्रफळ कमी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अतिसूक्ष्म छिद्रांत नायट्रोजन त्या थंड तापमानाला नीट शिरत नाही. कार्बन डायऑक्साइडने मोजलं की ती दिसतात.

तूट कुठली, हे न पाहताच उपाय करणं

व्होल्टेज आणि क्षमतेचा आलेख पाहा. पहिल्यांदा सोडियम आत जाताना १ ते ०.४ व्होल्टच्या दरम्यान जो जास्तीचा भाग दिसतो आणि दुसऱ्या चक्रात नाहीसा होतो, तो बहुतांशी पृष्ठभागावरच्या थराचा खर्च. पण तो सगळा हार्ड कार्बनच्या माथी मारू नका. नुसता कार्बन ब्लॅक आणि बाइंडर घेऊन एक कोरा इलेक्ट्रोड चालवा. १० टक्के कार्बन ब्लॅक टाकलेला असेल, तर त्याच्या मोठ्या पृष्ठभागामुळे तुटीतला वाटा लक्षात येण्याइतका असतो. बाइंडर म्हणून पीव्हीडीएफऐवजी सीएमसी वापरल्यावरही बऱ्याचदा फरक पडतो, पण तो पाण्यात कालवलेला असल्याने इलेक्ट्रोड निर्वातात रात्रभर नीट वाळवावा लागतो.

आलेखाचा सपाट भाग ०.१ व्होल्टखाली असतो आणि तो अर्ध्यातच तुटला, तर दोष कार्बनचा असेलच असं नाही. समोरच्या सोडियम धातूवरचं ध्रुवीकरण सेलला वेळेआधी शून्य व्होल्टवर नेतं. तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड लावला की हे लगेच उघड होतं.

एवढं करूनही थोडी तूट उरते: कडांवरचा ऑक्सिजन आणि दोष काही सोडियम घट्ट धरून ठेवतात. भट्टी आणखी तापवली की ते कमी होतात, कार्यक्षमता वाढते, पण थर जवळ येऊ लागतात आणि आलेखाच्या उताराच्या भागातली, म्हणजे सपाट भागाआधीची, क्षमता घटते. तुमच्या कच्च्या मालासाठी तो मधला बिंदू १०० अंशांच्या पायऱ्यांनी शोधावा लागतो, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही आकडे एकाच तक्त्यात नोंदवावे लागतात.