पोकलेनची बूम बसते तेव्हा दोष जॅकमध्ये की व्हॉल्व्हमध्ये?

घणसोली, उलवे, खारघर या पट्ट्यात पायाचे खड्डे काढणाऱ्या पोकलेनवर हेल्पर म्हणून लागलात, की एक तक्रार लवकरच कानावर येईल: "बूम बसतेय." ऑपरेटरने बूम उचलून लिव्हर सोडला तरी ती हळूहळू खाली येते. पुष्कळदा लगेच जॅक खोलून सील किट बदललं जातं आणि नंतरही बूम बसतच राहते. खोलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ओळखता येतं. त्यासाठी तेलाची वाट समजली पाहिजे.

२० टनी मशीनमध्ये साधारणपणे दोन मुख्य पंप असतात, प्रत्येकी मिनिटाला सुमारे २०० लिटर तेल देणारे. हे तेल कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत येतं. तिथे बूम, आर्म, बकेट यांचे वेगवेगळे स्पूल, म्हणजे सरकून तेलाची वाट उघडणारे-बंद करणारे दांडे, असतात. लिव्हर या मोठ्या तेलाला हात लावत नाही. तो साधारण ४० किलो दाबाचं पायलट तेल स्पूलच्या टोकाला पाठवतो आणि त्या दाबाने स्पूल सरकतो. बूम उचलताना तेल जॅकच्या तळाच्या बाजूला जातं आणि रॉडच्या बाजूचं तेल टाकीत परततं. आर्म आणि बकेटचंही असंच, फक्त त्यांना जॅक एकेकच असतो.

आता बूमचा जॅक बघा. आतला व्यास १२० मिमी आणि रॉड ८५ मिमी धरला, तर तळाकडचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटीमीटर येतं. रॉडच्या बाजूला रॉडनेच निम्मी जागा अडवलेली असते, म्हणून तिथे ५६ च उरतं. बूम वर धरून ठेवण्यासाठी तळाला १०० किलो दाब लागत असेल आणि पिस्टनचं सील पूर्ण गेलं असेल, तर तेल रॉडच्या बाजूला शिरतं. पण आत येणाऱ्या रॉडमुळे तिथे सगळं तेल मावत नाही. दोन्हीकडचा दाब सारखा होऊन साधारण दुप्पट, म्हणजे २०० किलोपर्यंत चढतो आणि बूम बरीचशी अडते. पुढे ती बसते ती रॉडच्या बाजूचं तेल स्पूलच्या फटीतून टाकीकडे झिरपतं म्हणून. सील गेलं तरी बूम धाडकन न पडता सावकाश का बसते, ते इथे कळतं.

तपासणीही याच गोष्टीवर उभी आहे. तेल ४५ ते ५५ अंशांपर्यंत गरम करा, जमीन सपाट असू द्या, बूमखाली आणि आसपास कोणीही नको. बूम उचलून इंजिन बंद करा. जॅकमधून रॉड जिथे बाहेर येतो त्या ग्लँडला लागून रॉडवर खडूने खूण करा, बाजूला व्हा आणि ५ मिनिटांत रॉड किती मिलिमीटर आत गेला ते लिहा. मग चावी ऑन ठेवून, इंजिन बंदच असताना, लिव्हर बूम उचलण्याच्या बाजूला ओढा. पायलट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठलेल्या दाबाने स्पूल सरकतो आणि रॉडची बाजू टाकीला उघडते. तळाची बाजू, तेल मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह धरून ठेवतो.

उचलण्याचा लिव्हर ओढल्यावर बूम आणखी वेगाने बसली, तर पिस्टनचं सील गेलं आहे: त्यातून आलेल्या तेलाला आता मोकळी वाट मिळाली. वेगात फरक पडला नाही, तर जॅकला हात लावू नका. दोष कंट्रोल व्हॉल्व्हकडे आहे. बूमचं तेल अडवून धरणारा होल्डिंग व्हॉल्व्ह आणि जास्तीचा दाब सोडणारा पोर्ट रिलीफ आधी बघा. त्यांच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तेल निसटतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ब्रेकर चालवलेल्या मशीनमध्ये असा कचरा जास्त सापडतो. अ‍ॅक्युम्युलेटर नसलेल्या किंवा त्यात दाब न उरलेल्या मशीनवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

रॉडवर बाहेरून तेल दिसलं की सगळे त्याच सीलला दोष देतात. ते ग्लँडचं सील. रॉडवर चरा पडून ते फाटतं आणि बदलायलाच हवं, पण पिस्टनचं सील चांगलं असेल तर त्याने बूम बसत नाही. बूम बसवणारं सील आत पिस्टनवर असतं आणि त्याची गळती बाहेर दिसत नाही.

होज किंवा व्हॉल्व्ह खोलायचा ठरला, तर आधी बूम आणि बकेट जमिनीला टेकवा. इंजिन बंद करून चावी ऑन ठेवा, दोन्ही लिव्हर चारी बाजूंना अनेकदा फिरवा, मग टाकीच्या ब्रीदरमधून हवेचा दाब सोडा. नुसतं इंजिन बंद केल्याने जॅकमधला दाब जात नाही. बूम वर असेपर्यंत तिचं सगळं वजन त्या तेलावरच असतं.