शेवटची रांग सुकली म्हणून ठिबकचा वेळ वाढवू नका: उन्हाळी पिकांसाठी पाणी सल्ला

ऊन वाढू लागले की ठिबकच्या शेतात दरवर्षी एकच चूक घडते. उपनळीच्या शेवटी असलेली झाडे माना टाकतात, शेतकरी ते पाहतो आणि संपूर्ण शेताचा व्हॉल्व्ह एक तासाऐवजी दोन तास उघडा ठेवतो. शेवटची रांग सावरते, पण पुढच्या रांगेची मुळे चिखलात गुदमरतात, खत मुळांखाली निघून जाते आणि महिन्याभरात तिथली झाडे पिवळी पडतात. मग हे पिवळेपण अन्नद्रव्याच्या कमतरतेचे समजून विक्रेत्याने दिलेली महागडी औषधे त्यावर ओतली जातात. या सगळ्याच्या मुळाशी ड्रिपरमधून किती पाणी पडते ते न मोजण्याचा हलगर्जीपणा आहे आणि ते मोजायला दीड-दोन तास व एक मोजपात्र पुरते.

मी पाहिलेल्या एका एकरभर टोमॅटोच्या शेताचा हिशोब मांडतो. रांगांमधील अंतर दीड मीटर, ड्रिपरमधील अंतर ४० सेंटिमीटर आणि ड्रिपर ताशी ४ लिटरचे होते. म्हणजे एक ड्रिपर ०.६ चौरस मीटर जागेला पाणी देतो आणि सगळे नीट चालले तर तासाला सुमारे ६.७ मिलिमीटर पाणी पडते. कडक उन्हात बाष्पीभवन पात्रातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडत होते. त्याला पात्राचा गुणांक ०.७ आणि फळे भरण्याच्या अवस्थेतील टोमॅटोचा पीक गुणांक १.१५ यांनी गुणले की पिकाची गरज सुमारे ६.४ मिलिमीटर येते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ७.२ मिलिमीटर पाणी द्यावे लागते, म्हणजेच एकराला सुमारे २९ हजार लिटर. त्यासाठी संच ६५ मिनिटे चालवणे पुरे होते. प्रत्यक्षात तो दोन तास चालत होता.

कारण मोजल्यावर कळले. पहिली, शेवटची आणि मधल्या दोन अशा चार उपनळ्या निवडून प्रत्येकीच्या सुरुवातीचा, एक तृतीयांश व दोन तृतीयांश लांबीवरचा आणि शेवटचा ड्रिपर घेतला. या सोळा जागी प्रत्येकी सहा मिनिटे पाणी धरले. सहा मिनिटांच्या पाण्याला दहाने गुणले की ताशी प्रवाह मिळतो. सुरुवातीला ४०० मिलिलिटर भरले, सगळ्यांची सरासरी ३४० आली आणि सर्वांत कमी भरलेल्या चार ड्रिपरची सरासरी मात्र २३० होती. २३० ला ३४० ने भागल्यास पाणीवाटपाची समानता ६८ टक्के येते. ती ९० च्या आसपास असावी. ८० च्या खाली गेली तर आधी संच दुरुस्त करावा, वेळ वाढवू नये. या शेतात दोन तासांत शेवटच्या झाडांना जेमतेम ७.७ मिलिमीटर मिळत होते, तर पुढच्या झाडांना १३ मिलिमीटरहून जास्त. रोज सुमारे १७ हजार लिटर पाणी गरजेपेक्षा अधिक उपसले जात होते आणि त्यासोबत विद्राव्य खतातील नत्रही खाली चालले होते.

उपनळीच्या शेवटची टोपी उघडली तेव्हा आधी गढूळ गाळ आला आणि नळी कापून पाहिल्यावर आत पांढरा थर दिसला. अशा थरावर आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला तर तो चुन्याचा क्षार असतो. बुळबुळीत, वास येणारा थर मात्र शेवाळ किंवा जिवाणूंचा असतो, त्यावर आम्ल वाया जाते आणि क्लोरीन प्रक्रिया लागते. क्षारासाठी बादलीत १० लिटर पाणी घेऊन त्याचा सामू ४ पर्यंत उतरायला किती आम्ल लागते ते सामू दर्शवणाऱ्या पीएच कागदाने तपासावे आणि त्याच प्रमाणात संचात सोडावे. आम्लयुक्त पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोहोचले की पंप बंद करून २४ तास थांबावे आणि टोप्या उघडून नळ्या धुवाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे व चष्मा घालावा. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो, म्हणून दोन्ही प्रक्रिया वेगळ्या दिवशी कराव्यात. रंगीत डब्यांतून विकली जाणारी नळी स्वच्छ करणारी द्रावणे घेण्याआधी नुसते धुऊन पाहावे. नुसता गाळ असेल तर एवढ्यानेच प्रवाह परत येतो.

नियमित कामे:
- दर आठवड्याला उपनळ्यांच्या टोप्या उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणे.
- जाळीची किंवा चकतीची गाळणी उघडून धुणे; वाळूच्या गाळणीच्या आधीचा व नंतरचा दाब पाहून फरक वाढल्यास उलट्या प्रवाहाने धुणे.
- कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खत एकाच वेळी न सोडणे.
- महिन्यातून एकदा सोळा ड्रिपर मोजणे.

आता जमिनीकडे वळू. ठिबकची ओल भारी जमिनीत कांद्यासारखी आडवी फुगते, हलक्या मुरमाड जमिनीत मात्र मुळ्यासारखी सरळ खाली उतरते. म्हणून भारी जमिनीत ताशी २ लिटरचे ड्रिपर ५० ते ६० सेंटिमीटरवर चालतात. हलक्या जमिनीत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून दिवसाचे पाणी दोन वेळांत विभागावे. माझा ठोकताळा असा की एक फूट खोलीवरची माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने सहज फुटला तर वाफसा आहे. हाताला चिखल लागला तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दुपारी पाने मलूल दिसणे पुरेसे कारण नाही, पहाटेही ती उभी नसतील तरच काळजी करावी.

प्रत्येक पिकाला ठिबक लागतेच असे नाही. सर्वसाधारणपणे शेतावरची कार्यक्षमता मोकाट किंवा सरीच्या पाण्यासाठी ६० टक्के, तुषारसाठी ७५ आणि ठिबकसाठी ९० धरतात, पण हे आकडे नीट चालणाऱ्या पद्धतीचे आहेत. ६८ टक्के समानतेचे ठिबक चांगल्या सपाट केलेल्या भारी जमिनीतल्या सऱ्यांपेक्षा फारसे सरस ठरत नाही. सरीत पाणी तीन चतुर्थांश लांबीपर्यंत पोहोचल्यावर बारे मोडले तर उरलेला भाग वाहत्या पाण्यावर भिजतो. भाताला साचलेले पाणी हवे असल्याने वाफेच योग्य ठरतात. दाट पेरणीच्या गहू, हरभरा, भुईमूग यांना हलक्या ते मध्यम आणि उंचसखल जमिनीत तुषार उत्तम बसतो, मात्र वारा वाढला की पाणी उडून जाते, म्हणून पहाटे किंवा रात्री चालवावा. भारी जमिनीवर पाणी मुरण्यापेक्षा वेगाने पडले तर वर कवच धरते, आणि खारट पाणी पानांवर पडले तर कडा करपतात. टोमॅटो, मिरची, वेलवर्गीय भाज्या आणि फळबागा यांना, पाने ओली राहून रोग वाढू नये म्हणूनही, ठिबकच द्यावे.

त्या एकरातील संच धुऊन, आम्ल प्रक्रिया करून पुन्हा सोळा ड्रिपर मोजले, तेव्हा समानता ९० च्या वर आली आणि व्हॉल्व्ह ६५ मिनिटांवर आणला. शेवटची रांग चार दिवसांत ताठ उभी राहिली. पुढच्या रांगेतील कुजलेल्या मुळांची झाडे मात्र परत आली नाहीत.